पाढेकाकांचे दोन सेकंद

पाढेकाकांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. आम्ही सगळे त्यांना पाढेकाका म्हणायचो, कारण वीज चमकली की ते तिनाचा पाढा पुटपुटायला लागत. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ. गडगडाट ऐकू आला की थांबायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर, असा तो ढोबळ हिशेब. पण पाढा फक्त जिभेला चाळा म्हणून. खरं काम त्यांच्या उजव्या अंगठ्याखालच्या स्टॉपवॉचचं असायचं.

मी त्यांच्या उपकेंद्रात शिफ्ट ऑपरेटर. ते लाइनवरचे मुख्य लाइनमन. माझं आणि त्यांचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे ऑफिसात काका आणि घरी शेजारी, असा दुहेरी संबंध. माझी जीभ फटकळ आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे जे मी केलं त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

आमच्या उपकेंद्रातून एक लाइन निघते ती उघड्या माळावरून सरळ रेषेत चौदा किलोमीटरवरच्या पंपहाउसपर्यंत जाते. अख्ख्या गावाचं पाणी त्या पंपांवर. दर अडीचशे मीटरला एक टॉवर, म्हणजे किलोमीटरला चार, आणि नंबर आमच्यापासून सुरू. लाइनवर वीज पडली की लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. बहुतेकदा पुन्हा चालू केली की टिकते. पण कधी टॉवरवर तार जिला टांगलेली असते त्या चिनीमातीच्या डिस्कांच्या माळेतली एखादी डिस्क तडकते. मग लाइन काही केल्या टिकत नाही, आणि छप्पन्न टॉवरांपैकी नेमका कुठला, हे शोधणं आलं. तडा केसासारखा. खालून दुर्बिणीने एकेक टॉवर बघत जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. लाइनमधला बिघाड टिपणारा आमचा रिले जुना, लाइन पडली एवढंच सांगायचा. कुठे पडली ते पाढेकाका सांगायचे.

त्यांची पद्धत साधी होती. वादळ जमायला लागलं की ते स्वतःच्या क्वार्टरच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. तिथून लाइन शेवटपर्यंत नजरेत राहायची. वीज चमकली की घड्याळ सुरू, पहिला आवाज कानावर आला की बंद. चमकेच्या त्याच क्षणी कॉलनीतले दिवे मिचकले तर ही वीज आपल्या लाइनवर पडली, नाहीतर ती कुणा दुसऱ्याची, सोडून द्यायची.

मग हवेचं तापमान. हे मला त्यांनीच शिकवलं. मी पुस्तकात वाचलेलं विसरून गेले होते. शून्य अंशाला आवाज सेकंदाला तीनशे एकतीस मीटर जातो, आणि दर दहा अंशाला सहा मीटर वाढतो. तीस अंशाला तीनशे एकोणपन्नास. "ऊन खाल्लेली हवा चपळ असते," ते म्हणायचे. तिनाचा पाढा थंडीत जवळपास बरोबर, पण उन्हाळ्यात त्याच्या भरवशावर राहिलं तर वीस सेकंदांत एकदोन टॉवर अलीकडे थांबाल. शिवाय वादळात आपल्याकडे चौतीस अंश असले तरी पलीकडे, पाऊस पडतोय तिथे, हवा पार गार झालेली असते. म्हणून ते इंटरकॉमवर पंपहाउसच्या ऑपरेटरला तिथलं तापमान विचारायचे आणि दोन्हींची सरासरी धरायचे. वाऱ्याचा म्हणून एक टॉवर मागेपुढे. बस्स. एकवीस वर्षांत त्यांचा आकडा एका टॉवरच्या वर चुकलेला कुणाला आठवत नव्हता.

त्या वर्षी चुकला.

आधी ते म्हणाले बत्तीस नंबर. दुरुस्तीची गँग बत्तीसला गेली, एकतीस पाहिला, तेहतीस पाहिला, चौतीस, पस्तीस पाहिला. तडा मिळाला एकोणतिसाला, तोही चार तासांनी. पंधरा दिवसांनी ते म्हणाले चोवीस. मिळाला बाविसाला. गँगमधले लोक काही बोलले नाहीत, पण बूट आपटून माती झाडण्याची त्यांची पद्धत पुष्कळ बोलली. गावाला दोन दिवस टँकरचं पाणी आलं. उपअभियंता साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून विचारणारे होते. तो म्हणाला, आणखी एकदा असं झालं तर काकांना स्टोअरमध्ये बसवू, आता आठ महिने तर राहिलेत.

आणि मी काय केलं? सगळ्या गँगसमोर काकांना म्हणाले, "काका, तुमच्या भिंतीलगतचं ते झाड तोडल्यापासून थर्मामीटरवर दुपारचं ऊन येतं. जास्त तापमान धरलंत, म्हणून पुढचा टॉवर निघाला. एवढं साधं लक्षात येऊ नये?"

काका खाली वाकून दोरखंडाची गुंडाळी करत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. मला वाटलं, राग आला. येऊ दे म्हटलं.

घरी आले तर काकू माझ्या पायरीवर बसलेल्या. हातात शिवण, पण सुई तशीच टोचून ठेवलेली. काकू म्हणजे पाढेकाकांच्या पत्नी. बोलक्या बाई. दारातून भाजी घेताना भाजीवाल्याच्या मुलाची परीक्षा, बायकोचं दुखणं, सगळं विचारून घेणाऱ्या. त्या दिवशी मात्र सरळ मुद्द्यावर आल्या. परवाच्या सकाळच्या बसने त्या लेकीकडे जाणार होत्या. चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. काकांना निवृत्तीनंतर यायचं तर येतील, नाहीतर नाही.

मी विचारलं, भांडण झालं का. त्या म्हणाल्या, भांडायला तरी समोरच्याने तोंड उघडावं लागतं. वर्ष झालं, हा माणूस बोलत नाही. ओट्यापाशी उभं राहून काही विचारलं तर उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर नुसती मान हलवतो, हो की नाही तेही कळू नये अशी. आधी त्यांना वाटलं कामाचा ताण. मग वाटलं आपलंच काही चुकलं. चौतीस वर्षांचा संसार त्यांनी रात्रंदिवस उलटापालटा करून पाहिला, चूक सापडेना. शेवटी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की माणसाला आपला कंटाळा आलाय, आणि कंटाळलेल्या माणसाच्या गळ्यात पडून राहायचं नाही.

"भिंतीला तरी कान असतात म्हणतात," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले. काका असे नव्हते. पण कुणाच्या घरात कोण कसा असतो हे शेजाऱ्याला अर्धंच कळतं.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट. लाइन शांत होती. साहेबाला दाखवायला म्हणून मी काकांची नोंदवही काढली. थर्मामीटरचाच दोष आहे, काकांचा नाही, हे आकड्यांनी सिद्ध करून द्यायचं, म्हणजे स्टोअर टळेल, असा माझा बेत. आदल्या दिवशी त्यांना बोलले होते त्याची टोचणी होतीच.

पहिली नोंद. तेवीस सेकंद. इथे चौतीस अंश, तिथे सव्वीस, सरासरी तीस. तेवीस गुणिले साडेतीनशे, म्हणजे आठ किलोमीटर आणि वर थोडं. टॉवर बत्तीस. हिशेब चोख. आता तडा सापडला एकोणतिसाला, म्हणजे सव्वासात किलोमीटरवर. तेवीस सेकंदांत आवाज सव्वासात किलोमीटरच यायचा असेल तर हवा किती गार हवी? मी उलटं गणित मांडलं. सेकंदाला तीनशे पंधरा मीटर. आता शून्य अंशालाच तीनशे एकतीस असतो. म्हणजे शून्याच्याही खाली. किती खाली? सव्वीस अंश.

मी पुन्हा केलं. तेच आलं. दुसरी नोंद घेतली, साडेसतरा सेकंद आणि टॉवर बावीस. तिथेही अठ्ठावीस अंश शून्याखाली. अंगाला घाम चिकटलेला, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि कागद म्हणतोय की माळावर डोळ्यांच्या पापण्या गोठतील अशी थंडी होती. थर्मामीटरवर ऊन पडून चारपाच अंश चुकले तरी फरक अर्ध्या टॉवरचाही नाही. तापमानाच्या माथी हे पाप मारता येत नव्हतं.

मग सेकंदच चुकलेले. काकांचं स्टॉपवॉच मागवून मी कंट्रोल रूमच्या घड्याळाशी दहा मिनिटं लावून पाहिलं. तंतोतंत. उरला माणूस. चमक बघायला काकांना उशीर झाला असता तर सेकंद कमी भरले असते, टॉवर अलीकडचा निघाला असता. इथे सेकंद जास्त होते. दोन्ही वेळा दोनच्या आसपास. म्हणजे डोळे बरोबर होते. आवाज आल्यावर घड्याळ थांबवायला उशीर होत होता.

लांबचा गडगडाट एकदम येत नाही. आधी दूर कुणीतरी कापड सरकवल्यासारखी हलकी चाहूल लागते, मग तो वाढत वाढत येतो. मोजायचं त्या चाहुलीला. ती चाहूल ऐकूच आली नाही तर माणूस मोठा आवाज येईपर्यंत वाट बघत राहील.

मी पेन खाली ठेवलं. आदल्या दिवशी गँगसमोर मी बोलत होते आणि काकांनी वर पाहिलं नव्हतं, ते आठवलं. पंपहाउसचा ऑपरेटर आठवला, पंपांच्या धडधडाटात राहून जन्मभर ओरडूनच बोलणारा. त्याचं काकांना नीट ऐकू येत असणार. आणि ओट्यापाशी उभ्या राहून, नळ चालू असताना, पाठमोऱ्या माणसाशी बोलणाऱ्या काकू आठवल्या. वर्षभर एका घरात दोन माणसं दुखावून बसली होती आणि कारण होतं दोन सेकंद.

शिफ्ट संपल्यावर तडक काकूंकडे गेले. काका पेट्रोलिंगवरून परतले नव्हते. दाराजवळ बॅग भरून ठेवलेली. मी वही उघडून बसले आणि सगळं सांगितलं. शून्याखालच्या सव्वीस अंशांपाशी काकू मला वेडी समजल्या. मग ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की तू पोरगी हुशार आहेस, पण आकड्यांवरून नवरा ओळखायची माझी तयारी नाही. मला डोळ्यांनी बघायचंय.

मी कंट्रोल रूममधलं दुसरं स्टॉपवॉच त्यांच्या हातात दिलं. चमक दिसली की दाबायचं, पहिली चाहूल लागली की दाबायचं. काकूंनी ते मुठीत धरून दोनचार वेळा दाबून पाहिलं. म्हणाल्या, एवढंच? एकवीस वर्षं मला वाटायचं हे काहीतरी भारी काम आहे.

वादळ त्याच संध्याकाळी आलं. काका नेहमीप्रमाणे खिडकीशी. मी वहीचं निमित्त करून त्यांच्याकडेच थांबले. काकू त्यांच्या मागे स्टुलावर, मांडीवर शिवण, शिवणाखाली मूठ. पहिल्या तीनचार विजा इकडेतिकडे पडल्या, दिवे हलले नाहीत. मग माळावर, लाइनच्या अगदी माथ्यावर, लखकन एक रेघ उतरली आणि खोलीतला दिवा मिचकला.

काका पुटपुटू लागले. तीन एके तीन. तीन दुणे सहा. तीन त्रिक नऊ. मी काकूंकडे बघत होते. तीन चोक बारा, आणि खिडकीतून ती चाहूल आली, मलाही स्पष्ट ऐकू आली. शिवणाखाली काकूंची मूठ आवळली. त्यांची नजर मात्र काकांच्या अंगठ्यावर होती. अंगठा हलला नाही. काका मान पुढे करून, डोळे बारीक करून ऐकत होते. सगळं अंग कान करून बसलेला माणूस, आणि आवाज खोलीत येऊन बसला होता तरी त्याला सापडत नव्हता. एक सेकंद गेला. दुसरा गेला. मग गडगडाट खिडकीच्या काचेला भिडला आणि काकांनी घड्याळ थांबवलं.

काकूंच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. वर्षभराचा राग एका क्षणात निघून गेला आणि जायला जागा नसल्यासारखा डोळ्यांत आला.

काकांना काही पत्ता नव्हता. त्यांनी थर्मामीटर पाहिलं, तेहतीस. इंटरकॉमवर पंपवाला ओरडला, तेवीस. सरासरी अठ्ठावीस, सेकंदाला तीनशे अठ्ठेचाळीस. चौदा सेकंद आणि वर थोडं. "वीस नंबर," ते मला म्हणाले आणि गँगला कळवायला इंटरकॉमकडे हात नेला. लाइन दोनदा चालू करून पाहिली होती, टिकली नव्हती. साहेब कंट्रोल रूममध्ये येऊन बसला होता. हा तिसरा चुकला की उद्यापासून स्टोअर, हे काकांनाही ठाऊक होतं.

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग मूठ उघडून आपलं घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यावर बारा सेकंद होते.

काकांनी ते घड्याळ पाहिलं. आपलं पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या शाळकरी मुलाचा चेहरा साठीच्या माणसाला आला की बघवत नाही. मी वहीत तोंड घातलं.

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. बारा गुणिले तीनशे अठ्ठेचाळीस त्यांनी मनातच केलं, इंटरकॉम उचलला आणि म्हणाले, "सतरा."

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा आणि मगच गँग निघते, असा नियम. तो अर्धा तास काकूंचा हात काकांच्या हातावरच होता. गँग निघाल्यावर पाऊण तासाने साहेबाचा फोन आला. सतरालाच, मधल्या तारेची वरून तिसरी डिस्क. साहेब काकांना शाबासकी द्यायला म्हणून बोलत होता, आणि काका रिसीव्हर कानाला घट्ट दाबून "हो, हो" करत होते. त्यातलं किती त्यांना ऐकू आलं देव जाणे.

फोन ठेवून ते काकूंकडे वळले. बोलले ते खाली बघून, पण मला ऐकू आलं, आणि मी उठून जायला हवं होतं तरी उठले नाही.

"बाबा म्हातारपणी बहिरे झाले तेव्हा आम्ही भावंडं त्यांना हसायचो. ते काहीतरी भलतंच उत्तर द्यायचे. मग आईनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं. कशाला घसा फोडा म्हणायची." काका अंगठ्याने घड्याळाची काच पुसत होते. "मला वाटलं, चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. तू बोलायची थांबशील याची भीती होती मला."

"आणि मी थांबतच आले होते," काकू म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, त्यांना ऐकू जाईल अशा. मग त्या रडल्या आणि काका त्यांची पाठ थोपटत राहिले, आणि मला एकदाचं कळलं की आता घरी जावं.

सकाळची बस काकूंशिवाय गेली. बॅग दुपारपर्यंत दाराजवळच होती, कारण ती उचलून ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही.

त्याच सकाळी काका आपण होऊन साहेबाकडे गेले आणि कानाचं सांगून टाकलं. लाइनवर खालून मारलेली हाक ऐकू येत नसेल तर आपण टॉवरवर चढणं बरोबर नाही, हेही स्वतःच म्हणाले. तपासणी झाली, काका अनफिट ठरले आणि उरलेले महिने स्टोअरमध्ये गेले. ज्याला वर्षभर घाबरत होते ते घडलं आणि त्यांनी तिथे नटबोल्टांचे डबे आकाराप्रमाणे लावून टाकले. वादळाची मोजणी मात्र साहेबाने त्यांच्याकडेच ठेवली. आता पद्धत अशी की काका बघायचे आणि काकू ऐकायच्या. काकूंचा हात काकांच्या खांद्यावर, चाहूल लागली की दाबायचा. हात दाबण्यापासून अंगठा हलेपर्यंत वेळ जातो, तो काढायला मी दोन घड्याळं घेऊन त्यांची पन्नास वेळा परीक्षा घेतली. जवळपास अर्धा सेकंद आला. काका प्रत्येक मोजणीतून तो वजा करायचे. वहीत त्याचं वेगळं कलम होतं, वर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "हिचा अर्धा".

मी त्यांची माफी मागितली, गँगसमोर बोलले त्याबद्दल. काका म्हणाले, पोरी, मला ऐकूच आलं नव्हतं, आता माफी कशाची देऊ?

निवृत्तीच्या महिनाभर आधी लेकीने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. चांगलं होतं. काका पुन्हा बोलायला लागले आणि इतके बोलायला लागले की काकूच कधी कधी माझ्याकडे पळून यायच्या. त्यानंतरच्या पहिल्या वादळात मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आता कशाला काकूंना त्रास, मशीन आहे, पहिली चाहूल तुमची तुम्हाला ऐकू येईल, आणि हिचा अर्धाही वजा करावा लागणार नाही. हिशेब सोपा होईल.

ढग माळावर जमत होते. काकांनी खुर्ची खिडकीशी ओढली, कानातलं मशीन काढून रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. मागे काकू स्टूल सरकवून बसल्या आणि त्यांनी हात खांद्यावर ठेवला.

"असू दे," काका मला म्हणाले. "सात महिने मोजलंय असं. वजा करायची सवय झालीये."